डेंग्यूतून उठले आहे, प्रकल्प शुक्रवारी द्यायचा आहे. मॅडमना मुदतवाढीचं पत्र कसं लिहू?

बोरीकाठ | सोमवार, ६ ऑक्टोबर, संध्या. ७.४०

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातली, एम. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रकल्प कानबाईच्या गाण्यांवर आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसली, तेव्हा रात्रभर जागून मी आजी, काकू आणि गल्लीतल्या बायांकडून ३१ गाणी मोबाईलवर रेकॉर्ड केली. ती ऐकून ऐकून अहिराणीत उतरवायची, त्यांचा अर्थ लावायचा, असं काम आहे. एकूण पाच प्रकरणं. सबमिशन शुक्रवारी, १० तारखेला.

२८ सप्टेंबरला रात्री थंडी वाजून ताप आला. २९ ला रक्त तपासलं तर डेंग्यू निघाला. पेशी ४८ हजारांवर आल्या म्हणून १ तारखेला ॲडमिट केलं. दसरा दवाखान्यातच गेला. काल डिस्चार्ज मिळाला. ताप नाही, पण अर्धा तास बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

मॅडमना द्यायला हे पत्र लिहिलंय. बरोबर आहे का ते सांगा.

> आदरणीय मॅडम, सर्वप्रथम आपली मनापासून क्षमा मागते. २८ तारखेला रात्री मला अचानक खूप थंडी वाजली. आधी वाटलं साधा ताप असेल, म्हणून मेडिकलमधून गोळी आणली. पण ताप उतरेना. मग भाऊ मला मोटरसायकलवर दवाखान्यात घेऊन गेला. तिथे रक्त घेतलं. माझे हातपाय इतके दुखत होते की उठता येत नव्हतं. पेशी कमी झाल्यामुळे घरचे सगळे घाबरले होते. आई रडत होती. मॅडम, आमच्या घरची परिस्थिती आपणास माहीत आहेच. वडील शेतात कापसाच्या मागे आहेत. माझा प्रकल्प बराचसा झाला आहे पण थोडा राहिला आहे. कृपा करून मला थोडी मुदत द्यावी ही कळकळीची विनंती. आपण नाही म्हणालात तर माझं वर्ष वाया जाईल.

माझ्या मनात दोन दिवस मागायचे आहेत. जास्त मागितले तर मॅडम चिडतील अशी भीती वाटते.

---

तोरणमाळ | ६ ऑक्टो., रात्री ८.०५

ताई, काळजी करू नका. परीक्षा बुडाली तर पुढच्या सत्रात बॅकलॉगचा फॉर्म भरता येतो. माझ्या भाच्याने शहाद्याला असाच भरला होता. फी पावती जपून ठेवा.

---

बोरीकाठ | रात्री ८.१२

दादा, परीक्षा बुडालेली नाही. लेखी परीक्षा दिवाळीनंतर आहे. हा अंतर्गत गुणांचा प्रकल्प आहे आणि तो फक्त थोडे दिवस उशिरा द्यायचा आहे.

---

भुसावळ_जंक्शन | रात्री ८.३०

पत्रात इतकं गयावया करायची गरजच नाही. मेडिकल सर्टिफिकेट जोडलं की मुदतवाढ द्यावीच लागते, तो विद्यार्थ्याचा हक्क आहे. फक्त सर्टिफिकेट सिव्हिल हॉस्पिटलचं लागतं, खासगी चालत नाही. माझ्या वेळेला हजेरी कमी भरली होती, तेव्हा सिव्हिलचं सर्टिफिकेट आणायला लावलं आणि लगेच परीक्षेला बसू दिलं.

---

पांझरा | रात्री ९.२०

मी धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात एकवीस वर्षं शिकवते. दर ऑक्टोबरला अशी पत्रं माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भुसावळ_जंक्शन यांच्या मुद्द्याबद्दल. सर्टिफिकेट जोडावं हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण हजेरी आणि सबमिशन या दोन वेगळ्या गोष्टी. कमी हजेरी माफ करणं हा कॉलेजच्या पातळीवरचा निर्णय, त्याची पद्धत ठरलेली असते. प्रकल्पाची तारीख बहुतेक वेळा विभाग किंवा मार्गदर्शक ठरवतात. ती पुढे न्यायची की नाही हे मॅडमच्या हातात असतं आणि त्यांच्याही डोक्यावर एक तारीख असतेच. म्हणून हक्काची भाषा इथे उपयोगाची नाही. सर्टिफिकेट सिव्हिलचंच हवं असंही सगळीकडे नसतं. ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांचंच आम्ही घेतो. तुमच्या कॉलेजला काय लागतं ते कार्यालयात एका फोनवर कळेल.

आता पत्राकडे. बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला नक्की किती दिवस हवेत ते मला दोन्ही वेळा कळलं नाही. "थोडी मुदत" म्हणजे दोन दिवस की दिवाळीनंतर? "बराचसा झाला" म्हणजे तीन प्रकरणं की एक? तुझी मॅडम हे पत्र दोन तासांच्या मधल्या दहा मिनिटांत, स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या वाचणार आहे. मोटरसायकल आणि आईचं रडणं वाचून तिला वाईट वाटेल, पण ठरवता काहीच येणार नाही. मग ती म्हणेल "बघू", आणि तू दोन दिवस त्या "बघू"वर झुरत बसशील.

शेवटचं वाक्य तर काढच. वर्ष वाया जाण्याचा भार समोरच्याच्या अंगावर टाकला की मदत करणारा माणूससुद्धा सावध होतो.

मला तीन गोष्टी सांग, मग पत्र आपोआप होईल. १० तारीख कोणी ठरवली? तोंडी परीक्षा कधी आहे? आणि आज नेमकं काय लिहून तयार आहे, पानांत सांग.

---

केळीबाग_रावेर | रात्री ९.४५

माझा अनुभव सांगतो. १९९८ मध्ये मी डी. एड. ला होतो. ऐन पाठांच्या वह्या जमा करायच्या वेळेला कावीळ झाली. मी काही कळवलं नाही. वाटलं, बरं झाल्यावर समक्ष जाऊन सांगू, तोंडाने सांगितलेलं जास्त पटतं. बारा दिवसांनी गेलो. सरांनी गुणांची यादी आदल्याच दिवशी वर पाठवलेली. ते म्हणाले, "तू एक ओळ चिठ्ठी पाठवली असतीस तर मी तुझं नाव मोकळं ठेवलं असतं. आता कोऱ्या रकान्यात शून्य गेलं." सर वाईट नव्हते. मी आजारी आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ती वही मी अजून ठेवली आहे, ६० पाठ पूर्ण लिहिलेली.

तेव्हा पोरी, पत्र चांगलं होण्याची वाट बघू नकोस. १० तारखेच्या आत पोहोचव.

---

बोरीकाठ | रात्री १०.१०

पांझराताई, वहीत बघून सांगते.

१० तारीख आमच्या मॅडमनीच वर्गात सांगितली, विभागाच्या फळ्यावरही लिहिली आहे. तोंडी परीक्षा १६ ला, गुरुवारी. दिवाळीच्या सुट्टीआधी, १८ पर्यंत, गुण ऑनलाईन भरायचे आहेत असं मॅडम म्हणाल्या होत्या.

प्रकरण १, २, ३ पूर्ण आणि टाईप झालेली, ३८ पानं. प्रकरण ४ मध्ये गाण्यांचं विश्लेषण आहे, त्याची ११ पानं झाली, ६ राहिली. प्रकरण ५ चे मुद्दे काढलेत, ४ पानं होतील. गाणी २२ उतरवून झाली, ९ राहिली.

---

लॅबवाला_चोपडा | रात्री १०.४०

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. या दिवसांत रोज डेंग्यूचे नमुने येतात. एक गोष्ट कळकळीने सांगतो. ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला असा हिशोब या आजारात करू नका. ताप उतरतो त्याच सुमारास पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात. नंतर त्या लवकर भरून येतात, पण अंगातला थकवा कित्येकांना दोन-तीन आठवडे सोडत नाही. डिस्चार्जनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रिपोर्ट चांगला आलेली माणसंसुद्धा आमच्या बाकावर डोकं टेकून बसलेली असतात. तुम्ही आजाराआधी दिवसाला चार पानं लिहीत असाल तर आता दोनच धरा.

दुसरं सर्टिफिकेटबद्दल. मॅडमना लॅबचे रिपोर्ट पाठवू नका. पेशींचा आकडा वाचून त्यांना काय कळणार? त्यात विश्रांती किती सांगितली ते नसतं. डॉक्टरांकडून वेगळं सर्टिफिकेट घ्या. त्यावर कधीपासून कधीपर्यंत उपचार आणि विश्रांती, दिल्याची तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. तुमची सहीही त्यावर घेतात. दिलेल्या सर्टिफिकेटची नोंद डॉक्टरांना रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. म्हणून "दोन दिवस मागची तारीख टाका" असा आग्रह कुणी धरू नये. तुमचं तर सगळं खरंच आहे, तुम्हाला त्याची गरजही नाही.

---

पांझरा | मंगळवार, ७ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

लॅबवाले दादांनी माझं अर्धं काम केलं. आता तुझ्या आकड्यांवर हिशोब मांडू. डॉक्टरांनी विश्रांती कधीपर्यंत सांगितली आहे?

---

बोरीकाठ | सकाळी ७.१५

८ तारखेपर्यंत, म्हणजे उद्यापर्यंत. आजारी पडण्याआधी दिवसाला चार पानं व्हायची, किंवा तीन गाणी उतरवून व्हायची.

---

पांझरा | सकाळी ७.४५

मग बघ. दिवसाला दोन पानं धर. ९ ला गुरुवारी सुरुवात. प्रकरण ४ ची सहा पानं म्हणजे ९, १० आणि ११. प्रकरण ५ ची चार पानं म्हणजे १२ आणि १३. मंगळवारी १४ ला सकाळी प्रिंट काढून दुपारपर्यंत विभागात. हे झालं लिखाणाचं.

आता नऊ गाणी. आधी तीन होत होती, आता दोन धरली तरी साडेचार दिवस. ते १३ च्या पुढे मोजले तर १८ तारीख उजाडते, आणि तोंडी परीक्षा १६ ला आहे. म्हणजे गाणी या वेळेत बसतच नाहीत. हे आज कागदावर दिसलं ते बरं झालं. तू दोन दिवस मागितले असतेस तर तारीख आली असती १२, म्हणजे रविवार. कॉलेज बंद. सोमवारी तू अर्धवट काम घेऊन पुन्हा मॅडमसमोर उभी राहिली असतीस.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो दुसऱ्या पत्राचा. पहिली मुदतवाढ मी सहसा देते. तीच मुलगी तीन दिवसांनी "मॅडम, अजून दोन दिवस" म्हणत आली, की तिच्या पहिल्या पत्रावरचाही विश्वास हलतो. भीतीपोटी कमी दिवस मागणारी मुलंच दुसऱ्यांदा येतात, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

आणि १४ च्या पुढे मागू नकोस. १६ च्या तोंडी परीक्षेला प्रश्न विचारायचे तर मॅडमना १५ चा एक दिवस वाचायला हवा.

म्हणून तीन भाग कर. प्रकरण १ ते ३ तयार आहेत, ती १० तारखेला वेळेवरच दे. त्याने तुझ्या पत्राचं वजन बदलतं, कारण ३८ पानं मॅडमच्या हातात असतात. प्रकरण ४ आणि ५ साठी १४ मागायची. आणि गाण्यांसाठी मुदत न मागता परवानगी मागायची, की प्रकल्प २२ गाण्यांवर थांबवू का. तुझं चौथं प्रकरण कोणत्या गाण्यांवर लिहिलेलं आहे?

---

बोरीकाठ | सकाळी ८.०२

त्या २२ गाण्यांवरच. राहिलेली नऊ परिशिष्टात जाणार होती. पण ताई, ३१ चे २२ केले तर प्रकल्प कमी वाटणार नाही का? आजीचं सगळ्यात लांब गाणं त्या नवात आहे.

---

पांझरा | सकाळी ८.२०

पद्धतीच्या प्रकरणात एक ओळ लिहायची, की ३१ गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांतली २२ शब्दांकित करून अभ्यासली. यात लपवण्यासारखं काही नाही. लोकगीतांच्या कामात हे नेहमी होतं. आजीचं गाणं कुठे जात नाही, ते रेकॉर्डिंग दोन ठिकाणी साठवून ठेव.

---

चाळीसगावकर | सकाळी ९.१०

मी पीएच. डी. करतोय. दोन गोष्टी.

एक, आजाराचं नाव पत्रात लिहायलाच हवं का? माझ्या मते "वैद्यकीय कारणामुळे" एवढं पुरे. डेंग्यू सांगायला कुणाला संकोच वाटत नाही, पण कुणाला मासिक पाळीचा त्रास असतो, कुणाचे मानसिक आजारावर उपचार चालू असतात. एकाने नाव लिहिलं की दुसऱ्याकडूनही तीच अपेक्षा होते. विभागातली पत्रं कपाटात उघडी पडलेली मी पाहिली आहेत.

दोन, राहिलेली नऊ गाणी घरातलं कुणीही टाईप करू शकेल. ऐकून टाईप करणं हे काही लेखन नव्हे. बहिणीला बसवा, ३१ पूर्ण होतील.

---

पांझरा | सकाळी ९.४०

पहिला मुद्दा मला मान्य आहे. नाव लिहायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. सर्टिफिकेटवर आजार बहुतेकदा लिहिलेला असतो, म्हणून ते पत्राच्या मजकुरात न घेता वेगळं जोडावं आणि मूळ प्रत आपल्याकडेच ठेवावी.

दुसरा मान्य नाही. अहिराणी गाणं उतरवताना कुठे "शे" ऐकू आलं आणि कुठे "से", कोणता शब्द आजीने गिळला, हे ठरवणं हाच अभ्यास आहे. ते बहिणीने ठरवलं तर तोंडी परीक्षेत ही काय उत्तर देणार?

---

चाळीसगावकर | सकाळी ९.५५

ताई, बहिणीने पहिला खर्डा करायचा आणि हिने तो रेकॉर्डिंगशी ताडून दुरुस्त करायचा, याला माझ्या विद्यापीठात कुणी हरकत घेत नाही. फक्त ऋणनिर्देशात बहिणीचं नाव यायला हवं.

---

पांझरा | सकाळी १०.०५

ताडून बघायलाही पुन्हा ऐकावं लागतंच, आणि अंधारी येणाऱ्या पोरीने कानात इअरफोन घालून तासन्‌तास बसू नये असं मला वाटतं. पण हा निर्णय तिच्या मार्गदर्शकांचा आहे, तुमचा-माझा नाही.

---

गिरणामाय | सकाळी ११.३०

बहीन, आते तब्येत कशी शे? मी पाचोऱ्याची, माझी मुलगीही शिकते. पत्राचं सगळे सांगताहेत, मी इतकंच म्हणेन की भाकरी वेळेवर खा, पाणी भरपूर पी, आणि लॅपटॉप गादीवर घेऊन झोपून टाईप करू नको, मान धरते.

एक विचारते. माझ्या मुलीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मॅडमही त्यात असतात. तिथे लिहिलं तर लवकर पोहोचेल ना?

---

पांझरा | दुपारी १.१५

गिरणामाय, ग्रुपवर लिहू नये. साठ मुलांसमोर मॅडमना "हो" म्हणता येत नाही, कारण लगेच आणखी दहा जण उभे राहतात. पत्र मॅडमच्या कॉलेजच्या ई-मेलवर पाठवायचं आणि मग त्यांना एकटीला मेसेज करायचा, की पत्र मेल केलं आहे, सवडीने पाहावं. छापील प्रत भावाच्या हाती पाठवून विभागातल्या आवक नोंदवहीत तारखेची नोंद करून घ्यायची. उद्या कुणी विचारलं तर मॅडमलाही कागद दाखवता येतो. त्या नोंदीने त्यांचीही बाजू सांभाळली जाते.

आणि सर्टिफिकेटचा फोटो पलंगावर ठेवून, पंख्याची सावली पडलेली, असा काढू नका. दरवर्षी मला असे चार येतात, ज्यात शिक्का दिसतो आणि तारीख दिसत नाही. उजेडात, सपाट ठेवून स्कॅन करा, आणि फाईलला `IMG_2041.jpg` नाव ठेवण्याऐवजी `Certificate_RollNo.pdf` असं काहीतरी ठेवा. ती मला दोन आठवड्यांनी पुन्हा शोधावी लागते.

---

बोरीकाठ | दुपारी ४.३०

दुपारी झोपून उठले आणि नव्याने लिहिलं. सकाळी भावाने डॉक्टरांकडून सर्टिफिकेट आणलं. त्यावर माझी सही राहिली होती म्हणून त्याला पुन्हा जावं लागलं.

> प्रति,
> मा. (मॅडमचे नाव), मराठी विभाग
>
> विषय : प्रकल्पाची प्रकरणे ४ व ५ मंगळवार, १४ ऑक्टोबरपर्यंत सादर करण्यास परवानगी मिळण्याबाबत
>
> आदरणीय मॅडम,
>
> मी एम. ए. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी (रोल नं. __) असून आपल्या मार्गदर्शनाखाली कानबाईच्या गाण्यांवर प्रकल्प करत आहे. प्रकल्प सादर करण्याची तारीख शुक्रवार, १० ऑक्टोबर आहे. प्रकरणे १ ते ३ (३८ पाने) मी ठरलेल्या दिवशीच देत आहे. प्रकरणे ४ व ५ मंगळवार, १४ ऑक्टोबर रोजी दुपारी १२ वाजेपर्यंत देण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.
>
> २९ सप्टेंबरला मला डेंग्यूचे निदान झाले. १ ते ५ ऑक्टोबर मी रुग्णालयात दाखल होते. डॉक्टरांनी ८ ऑक्टोबरपर्यंत विश्रांती सांगितली आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.
>
> प्रकरण ४ ची ११ पाने लिहून झाली असून ६ बाकी आहेत. प्रकरण ५ ची सुमारे ४ पाने होतील. १६ तारखेच्या तोंडी परीक्षेपूर्वी आपल्याला वाचण्यास वेळ मिळावा म्हणून १४ तारीख ठरवली आहे.
>
> आणखी एका बाबतीत आपला निर्णय हवा आहे. ध्वनिमुद्रित ३१ गाण्यांपैकी २२ शब्दांकित झाली आहेत आणि प्रकरण ४ त्यांवरच आधारित आहे. उरलेली ९ गाणी या मुदतीत पूर्ण होणार नाहीत. पद्धतीच्या प्रकरणात तशी नोंद करून प्रकल्प २२ गाण्यांपुरता ठेवला तर चालेल का?
>
> आपली विद्यार्थिनी,
> (नाव, मोबाईल नंबर)

---

पांझरा | सायं. ५.१०

हे पत्र मला आलं असतं तर मी उभ्या उभ्या सही केली असती. एकच बदल कर. "ठरवली आहे" ऐवजी "सुचवत आहे" लिही. तारीख ठरवणाऱ्या मॅडम आहेत.

---

भुसावळ_जंक्शन | सायं. ५.४०

पत्र छान झालं. सिव्हिलच्या सर्टिफिकेटचं मी ठामपणे सांगितलं ते चुकलं, ते हजेरीपुरतं होतं. पण गुणांचं काय? उशिरा दिलं म्हणून गुण कापणार नाही असं पत्रातच लिहून घ्यावं, असं मला अजूनही वाटतं. आजारी माणसाचे गुण का कापायचे?

---

पांझरा | सायं. ६.०५

मी कापत नाही. माझ्याच विभागातले एक सहकारी दिवसाला एक गुण कापतात. त्यांचं म्हणणं, जो मुलगा तापातही वेळेवर देतो त्याच्यावर अन्याय होतो. आमचा यावर दरवर्षी वाद होतो आणि तो मिटलेला नाही. पहिल्याच पत्रात गुणांची अट घातली तर सूर बदलतो. आधी तारीख मिळू दे, गुणांचं तिने नंतर समक्ष विचारावं.

---

केळीबाग_रावेर | सायं. ६.२०

नंतर नको, आधीच विचारावं. मी नंतरवर ठेवलं होतं.

---

बोरीकाठ | गुरुवार, ९ ऑक्टोबर, दुपारी १२.५०

मंगळवारी संध्याकाळीच मेल केला आणि मॅडमना वेगळा मेसेज टाकला. काल सकाळी भावाने छापील प्रत विभागात दिली, आवक नोंदवहीत नोंद झाली. आज सकाळी मॅडमचं उत्तर आलं. जसंच्या तसं लिहिते:

"१४ ला १२ पर्यंत चालेल. २२ गाणी ठेव. पण नवापैकी एखादं महत्त्वाचं असेल तर त्याच्या पहिल्या चार ओळी परिशिष्टात घे, तोंडी परीक्षेला मी त्यावर विचारेन. १ ते ३ उद्या भावाबरोबर पाठव, तू येऊ नकोस."

गुणांचं मी विचारलं नाही. केळीबागदादा, तुमचं वाचून दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. १४ ला समोर गेल्यावर विचारेन.

आजीच्या गाण्याच्या चार ओळी आत्ताच उतरवल्या. तिसऱ्या ओळीत एक शब्द तीनदा ऐकूनही लागत नव्हता. मग आजीलाच हाक मारली. तिने खाटेवर बसून ती ओळ पुन्हा म्हणून दाखवली आणि म्हणाली, आते झोप, बाकीनं सकाळी. प्रकरण ४ च्या राहिलेल्या पानांतलं पहिलं जेवल्यावर घेते.